लाकडी, बोथट स्टील आणि फोम: कोणती तलवार कशासाठी?

प्रश्न: आम्ही काही जण मिळून दोन हातांनी धरायची लांब तलवार शिकतोय. सगळ्यांकडे लाकडी तलवारी आहेत. आता मोकळं स्पॅरिंग सुरू करायचंय. काहींचं म्हणणं, लाकडी तलवार आणि फेन्सिंगचा मास्क एवढं पुरे, स्टील उगाच जिवावर बेतेल. फोम तर पोरांचा खेळ वाटतो. तिन्हींपैकी काय, कशासाठी आणि कोणत्या क्रमाने वापरायचं?

उत्तर:

लाकडी तलवारींनी मोकळं स्पॅरिंग करू नका, मास्क असला तरीही. पूर्ण वेगाने खेळायचं तर आधी फोम आणि अंगावर पुरेसं संरक्षण जमलं की लवचिक पात्याचं बोथट स्टील. लाकूड ठेवा ते जोडीने, ठरवून करायच्या ड्रिलसाठी.

तुमच्या मंडळींना हे उलटं वाटेल, कारण लाकूड स्टीलपेक्षा मऊ हे सगळ्यांना दिसतं. पण हाडाच्या मानाने दोन्ही कडकच. फरक पडतो तो वार बसल्यावर हत्यार काय करतं यामुळे. फोम दबतो, म्हणजे तोच धक्का जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरून पोचतो. सरावाचं चांगलं स्टील टोकाने बसलं की वाकतं. लाकूड यातलं काहीच करत नाही. ते जसंच्या तसं येतं आणि सगळा मार समोरच्याच्या अंगात उतरवतं.

टोकाचा वार घ्या. समोरचा पुढे येतोय आणि त्याच क्षणी तुम्हीही पाय टाकून टोक पुढे केलंत, तर दोघांच्या वजनांची भर पडते. स्पॅरिंगमध्ये हे मुद्दाम करावं लागत नाही, आपोआप होतं. फेडर नावाची जी बोथट स्टीलची सराव-तलवार असते, तिचं पातं मुठीजवळ रुंद आणि पुढे पातळ होत गेलेलं असतं. असा वार छातीवर बसला की पात्याचा पुढचा भाग कमानीसारखा वर उचलतो आणि पुढे जायचा जोर त्या वाकण्यात खर्ची पडतो. लाकडी तलवार त्याच जागी सरळ दांडकं म्हणून राहते. ती गळ्याच्या खड्ड्यात किंवा मास्कच्या जाळीवर बसली तर वाकायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे समोरच्याची मान.

कापाच्या वाराचंही तसंच आहे, फक्त कारण वेगळं. वजनकाट्यावर जपानी लाकडी तलवार, म्हणजे बोकुतो, साधारण अर्धा किलोच्या आसपास भरते आणि दोन हाती फेडर दीड किलोच्या आसपास. म्हणून लाकूड हलकं, म्हणून कमी लागणार, असा हिशेब केला जातो. आता दोन्ही हत्यारं आडव्या बोटावर तोलून बघा. फेडर आडव्या दांडीच्या, म्हणजे हाताच्या आडोशाच्या, पुढे चार बोटांवर तोललं जातं, कारण मागे मुठीच्या टोकाला लोखंडी गोळा असतो. लाकडी तलवारीचा तोल वीतभर पुढे सापडतो, कारण मागे वजन टाकायला काही नसतं. एकूण वजन कमी असलं तरी त्याचा बराच भाग वार बसतो त्या बाजूला असतो. लांब तलवारीच्या बेताने केलेल्या जाड लाकडी तलवारी तर किलोच्याही वर जातात आणि तोल पुढेच राहतो. मारताना हात थांबवावासा वाटला तरी ती पटकन थांबत नाही, पुढे ओढत नेते.

लाकडी तलवार जीव घेऊ शकते हे जपानात फार पूर्वीपासून ठाऊक होतं. तलवारबाज मियामोतो मुसाशीने १६१२ साली प्रतिस्पर्धी सासाकी कोजिरोला लाकडी तलवारीनेच मारलं असं परंपरा सांगते. त्याहून कामाची गोष्ट पुढची आहे. अठराव्या शतकात तिथल्या तलवारशाळांनी खरोखर मारून बघायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी लाकडी तलवारीवर जाड चिलखत चढवलं नाही. त्यांनी हत्यारच बदललं. बांबूच्या चार पट्ट्या एकत्र बांधलेली, आतून पोकळ असलेली शिनाई आणि सोबत डोकं, मनगट, छाती झाकणारं बोगू घेतलं. आजही केंडोत हीच वाटणी आहे. शिनाई आणि बोगू घेऊन मोकळी लढत, आणि लाकडी तलवार घेऊन चिलखताशिवाय ठरलेले काता. शतकानुशतकं लाकडाशी खेळलेल्या लोकांनी ही वाटणी केली, म्हणून मी ती मान्य करतो. मास्क आहे म्हणून आपण तिच्यापलीकडे जावं असं मला वाटत नाही.

मग लाकडी तलवार कशाला? तर ती नेमकी धोकादायक आहे म्हणून. ड्रिलमध्ये दोघांनाही चिलखत नाही, हातात कडक वस्तू आहे आणि पुढची चाल दोघांना ठाऊक आहे, तेव्हा माणूस अंतर खरं मोजतो. फोम हातात असला की तेवढी कदर राहत नाही. कड आणि पाठ कुठली हेही लाकडात मुठीच्या लंबगोल आकारावरून हाताला कळतं. आमच्याकडे तीन नियम पाळतात. वेग हळू चालणाऱ्याने ठरवायचा, जोरात चालणाऱ्याने नाही. डोक्यावरचा वार कपाळाच्या आधी हातभर नाही, पण चार बोटं तरी अलीकडे थांबायचा, आणि तो थांबवायचा तो मनगट आवळून नव्हे, तर खालच्या हाताने मूठ पोटाकडे ओढून. टोक कधीच गळ्याच्या किंवा चेहऱ्याच्या रेषेत थांबवायचं नाही, छातीच्या मध्याकडे ठेवायचं, कारण थांबलेल्या टोकावर पुढचा माणूस स्वतः चालून येऊ शकतो. डोळ्यांवर साधा संरक्षक चष्मा घाला. ढिलपी उडते ती कुणाला विचारून उडत नाही.

ही ढिलपी आधीच पकडता येते. सरावापूर्वी जुना सुती कपडा पात्यावरून टोकाकडे आणि परत मुठीकडे ओढायचा. जिथे धागा अडकला तिथे रेषा उठलेली आहे. उठलेली रेषा बारीक असली तर पॉलिश पेपरने घासून वर जवसाचं तेल चोळलं की झालं. पण ती नखाने उचलून बघितल्यावर पात्याच्या आत तिरकी जात असेल तर ती तलवार बाजूला ठेवायची, चिकटपट्टी गुंडाळून वापरायची नाही. पट्टीखाली भेग वाढते आणि दिसत नाही. आतली भेग आवाजावरून कळते. तलवार दोन बोटांत सैल धरून टोकाजवळ पोराने टिचकी मारावी तसं दुसऱ्या लाकडाने ठोका. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, भेगाळलेलं बद्द वाजतं. लाकूड घेताना रेषा टोकापासून मुठीपर्यंत लांब धावताहेत ना तेवढं पाहा. मधेच कडेला बाहेर पडणाऱ्या रेषा आणि पात्यातली गाठ, तिथेच ते तुटणार.

आणखी एक गोष्ट सक्तीने पाळा: लाकडाविरुद्ध स्टील कधीच नको. बोथट स्टीलसुद्धा लाकडात खाच पाडतं आणि पुढच्या दोन-चार फटक्यांत तिथून कपचा निघतो. (वेताची काठी याला थोडा अपवाद आहे. वेत तुटताना सुळका न होता झाडूसारखा पिंजतो, म्हणून फरीगदक्यापासून फिलिपिन्सच्या काठीयुद्धापर्यंत वेताला मान आहे. पण तो तलवारीचा तोल देत नाही, आणि तुमचा विषय तलवार आहे.)

आता फोम. तुम्हाला तो पोरांचा खेळ वाटतो, पण मोकळ्या लढतीची पहिली इयत्ता त्यानेच काढावी असं माझं ठाम मत आहे. अंतर चुकलं की काय होतं, घाबरून दोघांनी एकदम मारलं की दोघेही कसे मरतात, समोरचा ठरलेलं न करता भलतंच करतो तेव्हा पाय कुठे जातात, हे सगळं पूर्ण वेगात शिकायला फोमइतकं सुरक्षित दुसरं काही नाही. मास्क, साधे हातमोजे, पुरुषांना लंगोट-गार्ड आणि बायकांना छातीचं संरक्षण, एवढ्यावर तासभर खेळता येतं.

मास्क मात्र फोमलाही हवाच. फोमच्या तलवारीत मध्ये फायबरग्लासची कांडी किंवा पीव्हीसीचा पाइप असतो. बाहेरचा फोम कितीही मऊ असला तरी टोक डोळ्याच्या खोबणीत मावण्याएवढं लहान असेल तर फोमच आत जातो आणि मागून कांडीचा रेटा येतो. म्हणून भोसकायला बनवलेल्या फोमच्या हत्याराचं टोक चांगलं दोन-अडीच इंच रुंद असतं. ज्यांचं टोक निमुळतं, शोभेचं आहे, ती फक्त कापाच्या वारांसाठी असतात, त्यांनी टोक मारायचंच नाही. सरावाआधी टोक अंगठ्याने चांगलं दाबून बघा. आत कडक ठिपका लागला, म्हणजे कांडी फोम फाडत पुढे सरकली आहे, तर ती तलवार त्या दिवशी बाद. तीच गोष्ट कडांची. नेहमी वार बसतो ती जागा चिमटीत धरली की फोम परत फुगला पाहिजे. बसकाच राहिला, तर वरून चिकटपट्टीचे थर चढवू नका. पट्टीचे थर जमले की त्यांचंच कवच बनतं आणि मार कांडीचा लागू लागतो.

फोमचे वाईट संस्कारही सांगतो, नाहीतर पुढे स्टील हातात घेतल्यावर त्रास होईल. फोमची तलवार हलकी असते, त्यामुळे मनगटाच्या झटक्याने दिशा बदलता येते. दीड किलोच्या स्टीलमध्ये ते जमत नाही. दुसरं, पाती एकमेकांना भिडली की स्टीलमध्ये समोरच्याचा जोर हाताला कळतो आणि त्यावरून पुढची चाल ठरते. फोममध्ये पातं घसरत नाही, चिकटल्यासारखं अडतं किंवा कांडी वाकून वार अडवण्याच्या वरून वळून बसतो. तिसरं सगळ्यात घातक: लागत नाही, म्हणून माणूस मार खाऊन मारायला शिकतो. यावर आम्ही एकच उपाय करतो. दोघांना एकाच वेळी लागलं तर गुण कुणालाच नाही आणि दोघेही बाहेर, पुढची जोडी आत. दोन आठवड्यांत पोरं अंगावर येणारा वार आधी सांभाळायला लागतात. तेवढं झालं की फोमचं मुख्य काम झालं.

आता स्टील. बोथट म्हणजे जुन्या तलवारीची धार घालवलेली नव्हे. तशी तलवार टोकाला वाकत नाही आणि तिचं पोलाद अशा टकरींसाठी घडवलेलंही नसतं. सोळाव्या शतकातल्या जर्मन तलवारशाळांत सरावासाठी वेगळ्या घाटाची पाती होती आणि आजची फेडर त्याच घाटावर बनतात. कड दीड-दोन मिलिमीटर किंवा अधिक जाड आणि गोल असते, टोक चपटं करून रुंद केलेलं किंवा मागे वळवलेलं असतं. त्यावर रबराचं किंवा चामड्याचं टोपण घालून ते झगझगीत रंगाच्या पट्टीने बांधा. रंग अशासाठी, की टोपण उडालं तर कडेला बसलेल्यालाही दिसावं.

पातं घेताना लवचिकपणा बघायचा तो असा. टोक जमिनीवर लाकडी फळीवर टेकवा आणि मुठीवर हळूहळू भार द्या. वाकायला सुरुवात पुढच्या तिसऱ्या हिश्शात व्हायला हवी आणि कमान गोल यायला हवी. एकाच जागी कोपर मोडल्यासारखं वाकत असेल तर ते पातं पुढेमागे तिथेच तुटेल. भार काढल्यावर पातं सरळ झालं पाहिजे. थोडा बाक राहिला तर तो दोन तळव्यांनी हलके उलटा दाब देऊन निघतो, पण तीक्ष्ण मोड आली की पातं स्पॅरिंगमधून निवृत्त.

या लवचिकपणाला एक मर्यादा आहे आणि ती नवख्यांना कुणी सांगत नाही. पातं वाकायला त्याची लांबी मोकळी असावी लागते. जुन्या डावपेचांत डावा हात पात्याच्या मधोमध धरून टोक भाल्यासारखं खुपसायचा प्रकार आहे. दिसायला फार आकर्षक, पण तसं धरलं की पुढे उरलेला तुकडा आखूड आणि ताठ होतो, म्हणजे तुमच्या हातात लोखंडी पहारच आली. हे डाव हळू ड्रिलमध्ये करा, मोकळ्या लढतीत पूर्ण बंद. तसंच समोरचा पुढे झेपावत असताना कोपर ताठ ठेवून टोक रोखून धरायचं नाही. टोक लागलं की मूठ किंचित वर जाऊ द्यायची, म्हणजे पातं कमान घेऊन वरच्या दिशेने सुटतं.

रोजची देखभाल म्हणजे खाचा. स्टीलवर स्टील आपटलं की कडेवर छोटे दात उठतात. ते हातमोजा फाडतात, बोटाला कापतात, शिवाय भेग तिथूनच सुरू होते. सरावानंतर कपडा पात्यावरून ओढा, जिथे अडकला तिथे बारीक कानस पात्याच्या लांबीच्या दिशेने चालवा. दात काढा आणि खाचेच्या दोन्ही कडा उतरत्या करा. खाच पूर्ण नाहीशी करायच्या नादात कड पातळ करू नका. आडवी कानस चालवली तर उलट आडवे ओरखडे पडतात आणि पातं तिथे कमजोर होतं.

पातं कधी ना कधी तुटणार हे धरूनच अंगावर काय घालायचं ते ठरतं. १९८२ साली रोमच्या जागतिक फेन्सिंग स्पर्धेत ऑलिंपिक विजेते व्लादिमिर स्मिर्नोव यांच्याशी खेळताना प्रतिस्पर्ध्याचं पातं तुटलं. तुटका सुळका मास्कची जाळी भेदून आत गेला आणि काही दिवसांनी ते वारले. त्यानंतर मास्क, कपडे आणि पात्यांचं पोलाद यांचे निकष कडक झाले. आज मास्क आणि जॅकेटवर ३५०, ८०० किंवा १६०० न्यूटन असे आकडे दिसतात, ते आरपार जाण्याला होणाऱ्या विरोधाचे आहेत. नेमका इथेच तुमच्या मित्रांचा गैरसमज आहे. मास्क टोक आत येऊ देत नाही, पण डोक्याला बसणारा हादरा तो थांबवत नाही, कारण तो हलक्या खेळाच्या तलवारींसाठी बनलेला आहे. लांब तलवारीसाठी मास्कवर वेगळी जाड टोपी आणि मागे डोक्याची पाठ झाकणारा कडक तुकडा लागतो. नुसत्या मास्कच्या मागे फक्त पट्टा असतो, आणि चुकलेला वार बरोबर तिथेच जातो. जोराचा फटका डोक्यावर बसला तर तो माणूस म्हणो ना का 'मी ठीक आहे', त्या दिवशीचा त्याचा खेळ संपला. डोकं दुखणं, मळमळणं, उजेड न सोसणं असं काही जाणवलं तर डॉक्टरकडे.

मास्कखाली गळ्याला कडक गळपट्टा. जॅकेटखाली कोपर आणि मनगटाच्या वरचा भाग, खाली गुडघे आणि नडग्या. पण सगळ्यात जास्त दुखापती होतात त्या बोटांना, त्यातही अंगठ्याला. वार करताना हात सगळ्यात पुढे असतो आणि अंगठा पात्यावर टेकवून धरायची सवय असेल तर तो आयताच सापडतो. साधे कातडी मोजे इथे निरुपयोगी. बोटांवर कडक कवच असलेले जाड मोजे लागतात आणि घालून बघताना अंगठ्याच्या टोकाला बाहेरून स्टीलच्या मुठीने टकटक करा. नखावर ठोका जाणवला तर मोजा परत ठेवा. अंगठ्याच्या कवचाने मुठीभोवती वळून आडव्या दांडीला टेकता आलं पाहिजे, नाहीतर मधली फट उघडी राहते.

एकच डाव तिन्ही हत्यारांनी कसा करायचा ते सांगतो. उजव्या खांद्यावरून डोक्यावर तिरका वार, समोरचा पाय टाकत पात्याने तो अडवतो आणि पातं न सोडता टोक छातीत देतो. लाकडी तलवारीने हे चालीच्या वेगात करा, वार चार बोटं अलीकडे थांबवा आणि प्रत्येक वेळी पाती कुठे भेटली ते थांबून बघा: अडवणाऱ्याच्या पात्याचा मुठीकडचा भाग मारणाऱ्याच्या पात्याच्या टोकाकडच्या भागावर आला का? आला असेल तर टोक सहज पुढे जातं, नसेल तर ताकद लावावी लागते. मग फोम घ्या आणि मारणाऱ्याला मोकळीक द्या, त्याने कधी खरंच मारावं, कधी हूल द्यावी. आता अडवणाऱ्याला कळतं की तो वाराकडे न बघता ड्रिल आठवत होता. शेवटी पूर्ण सामान चढवून स्टील घ्या, पण पहिले काही दिवस अर्ध्या वेगात. स्टीलमध्ये पाती भिडल्यावरचा जोर हाताला लागतो आणि जे फोममध्ये अडलं होतं ते टोक आपोआप वाट काढतं.

स्टील हळू खेळायची सवय सामान अंगावर चढण्याआधी लावा. फक्त मास्क, गळपट्टा आणि मोजे घालून ठरलेले वार अगदी सावकाश करा, वार अंगावर टेकेल पण आपटणार नाही इतके. कवच चढलं की माणूस नकळत जोर वाढवतो, आणि ज्याने आधी थांबवायला शिकलेलं नाही त्याला नंतर शिकवणं फार अवघड जातं. कुणाचे वार सतत जड पडत असतील तर त्याला सामान काढायला सांगून परत लाकडी तलवारीच्या ड्रिलला बसवा. चार दिवसांत फरक दिसतो.

तुम्ही सगळ्यांसाठी एकदम स्टील घेऊ नका. आधी प्रत्येकाला चांगला मास्क, गटात रुंद टोकाच्या फोमच्या दोन जोड्या, आणि लाकडी तलवारी आहेत त्या कपडा फिरवून तपासून ड्रिलसाठी. मग पैसे आधी मोज्यांवर आणि डोक्याच्या मागच्या संरक्षणावर घाला, तलवारींवर नंतर. एक फेडरची जोडी आणि दोघांचं पूर्ण सामान असेल तर आठ जण पाळीपाळीने खेळू शकतात. आठ फेडर आणि दोघांपुरतं सामान असेल, तर कुणीतरी एखाद्या संध्याकाळी सामानाशिवाय उभं राहणारच.